सायकलवर बोन कंडक्शन हेडफोन: गल्लीत स्पष्ट, हायवेला गायब. दोष कशाचा?

पॅडलपंत
कोथरूड ते हिंजवडी सायकलने जाण्यासाठी बोन कंडक्शन हेडफोन घेतला आहे. कानात काही घालायचं नाही, मागचा हॉर्न ऐकू यावा आणि पॉडकास्टही चालू राहावा, एवढीच अपेक्षा. पाषाणच्या आतल्या रस्त्यांवर शब्दन् शब्द कळतो. हायवेच्या सर्व्हिस रोडला लागलं की माणूस बोलतोय एवढंच कळतं, काय बोलतोय ते नाही. आवाज पूर्ण वाढवला की गालावर गुदगुल्या होतात आणि शब्द तरीही फाटके. सेट खराब आहे, मी चुकीचा घालतोय, की या प्रकाराची कुवतच एवढी? महागडं मॉडेल घेऊन फरक पडेल का?

बंडूनाना
गुदगुल्या होतायत म्हणजे विनोदी पॉडकास्ट असणार. पुढे चालू द्या.

घोडबंदरी
सेट खराब असेल. बोन कंडक्शनमध्ये आवाज हवेतून येतच नाही, हाडातून थेट आतल्या कानात जातो. मग बाहेर कितीही गोंगाट असला तरी फरक पडायला नको, दोन्ही रस्ते वेगळे आहेत. शिवाय कानाच्या पडद्यावर ताण नाही, त्यामुळे कितीही मोठ्याने ऐकलं तरी कान सुरक्षित. माझ्या मते बदलून घ्या.

ध्वनिवेडा
घोडबंदरी, रस्ते वेगळे आहेत हे बरोबर. पण दोन्ही रस्ते एकाच घरात जातात. हवेतून आलेला ट्रकचा आवाज आणि गालाच्या हाडातून आलेला निवेदकाचा आवाज शेवटी आतल्या कानातल्या त्याच शंखाला, म्हणजे कॉक्लियाला, हलवतात. तिथे मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. झाकणारा कुठल्या वाटेने आला याच्याशी कॉक्लियाला देणंघेणं नाही.

आता कानात घट्ट बसणारे साधे इअरफोन गोंगाटात का चालतात ते पाहा. ते निवेदकाचा आवाज वाढवत नाहीत, बाहेरचा आवाज अडवतात. बोन कंडक्शनमध्ये कान उघडा ठेवणं हाच विकत घेतलेला गुण आहे, त्यामुळे अडवणारं काहीच नाही. उरतो एकच उपाय, निवेदकाला वाढवणं. आणि त्याला मर्यादा आहे.

पॅडलपंतांच्याच वाटेवर आकडे लावून बघू. आतल्या रस्त्यावर गोंगाट समजा ५८ डेसिबल. बोलणं आरामात कळायला ते गोंगाटापेक्षा आठ-दहा डेसिबल वर असलं की बरं, म्हणजे ६७ च्या आसपास. तेवढ्यावर तुम्ही व्हॉल्यूम लावला. सर्व्हिस रोडला गोंगाट ८० झाला. निवेदक होता तिथेच, ६७ ला. म्हणजे तो आता गोंगाटाच्या १३ डेसिबल खाली गेला. पूर्वीइतकं सोपं ऐकायचं तर त्याला ९० ला न्यावं लागेल. तेवढं जोरात कवटी हलवताना हेडफोनमधल्या छोट्या कंपकाची, म्हणजे ट्रान्सड्यूसरची, दमछाक होते, आवाज फाटतो. गुदगुल्याही तिथूनच. खालच्या सुरांना हाड हलवायला मोठी हालचाल लागते, ती त्वचेला आधी जाणवते आणि कानाला नंतर. सेट बहुतेक ठणठणीत आहे.

कर्णिका
ऑडिओलॉजिस्ट आहे म्हणून घोडबंदरींच्या दुसऱ्या दाव्यापुरतं लिहिते. "कितीही मोठ्याने ऐका, कान सुरक्षित" हे कृपया कुणी मनावर घेऊ नका. मोठ्या आवाजाने होणारी कायमची इजा बहुतांशी पडद्याला होतच नाही, ती कॉक्लियातल्या केसपेशींना होते. पडदा वगळून पोहोचलात तरी पोहोचता तिथेच. कामगारांसाठीचा नेहमीचा निकष ८५ डेसिबलला ८ तास असा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २. वरच्या हिशोबातल्या ९० ला अडीच तासांच्या आसपास, आणि रस्त्याचा स्वतःचा गोंगाट त्याच खात्यात जमा होतो. रोज जाऊन येऊन दोन तास असे घालवणारा माणूस काठावर उभा आहे.

फायदा मात्र एक खरा आहे. कानाची नळी उघडी आणि कोरडी राहते. पावसाळ्यात घामेजल्या कानात तासन् तास रबरी टोपण घालणाऱ्यांच्या कानात बुरशी होते, खाज सुटते. त्यांच्यासाठी हा प्रकार बराच बरा.

घोडबंदरी
ताई, पण माझा फोन सांगतो की मी सरासरी ७२ डेसिबलवर ऐकतो. मग तो काय उगाच सांगतो?

ध्वनिवेडा
उगाच नाही, पण तो हेडफोनकडे बघून सांगत नाही. फोन फक्त किती जोराचा सिग्नल पाठवला ते जाणतो आणि त्यावरून कानात घालायच्या सर्वसाधारण हेडफोनचा अंदाज बांधतो. पुढे तो सिग्नल हवा हलवतोय की गालाचं हाड, हे त्याला कळायला मार्ग नाही. बोन कंडक्शनला तो आकडा निरुपयोगी.

ढोबळ अंदाज घरी काढता येतो. रात्री शांत खोलीत बसा. हेडफोनवर तुमच्या रोजच्या व्हॉल्यूमला बोलणं लावा. समोर एक मीटरवर साधा स्पीकर ठेवून त्यावर तोच भाग लावा. आलटून पालटून दोन्ही ऐका आणि स्पीकर असा लावा की दोन्ही सारखेच मोठे वाटतील. मग हेडफोन बंद करून, डोकं होतं त्याच जागी स्पीकरचा आवाज ध्वनिमापक अॅपने मोजा. आयफोनवर NIOSH SLM नावाचं फुकट अॅप त्यातल्या त्यात विश्वासाचं. आलेल्या आकड्यात पाच-एक डेसिबलची चूक धरून चाला. तरी फोनच्या ७२ पेक्षा हा आकडा प्रामाणिक.

मीनलताई
छान धागा. माझ्या आईला कमी ऐकू येतं, वय ७४. मशीन लावायला तयार नाही. हा हाडाचा हेडफोन तिला चालेल का? सायकल चालवत नाही, फक्त टीव्ही.

बंडूनाना
७४ ला हिंजवडीपर्यंत सायकल चालवत असत्या तर त्यांनीच इथे उत्तरं दिली असती.

कर्णिका
मीनलताई, ते कमी ऐकू येण्याच्या कारणावर आहे. पडद्याला भोक असेल किंवा मधल्या कानातली हाडं आखडली असतील, तर आवाज वाटेत अडतो आणि आतला कान चांगला असतो. अशांना हाडातून आलेला आवाज खरंच स्पष्ट लागतो. कानाचे डॉक्टर दुभंगी काटा आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात, तो हेच तपासायला. पण वयोमानाने येणारा बहिरेपणा बहुधा आतल्या कानाचा असतो आणि तिथे वाट बदलून उपयोग नाही. आधी ऑडिओग्राम काढा. त्यात हाडाची आणि हवेची रेघ वेगवेगळी काढलेली असते. दोन्ही सारख्याच खाली असतील तर हेडफोनवर पैसे घालू नका. टीव्हीसाठी म्हणून घेतलात तरी तो मशीनची जागा घेणार नाही, कारण मशीन प्रत्येकाच्या कमतरतेप्रमाणे जुळवलेलं असतं.

मीनलताई
धन्यवाद. ऑडिओग्राम काढलेला आहे, शोधते.

यंत्रोबा
मूळ प्रश्नाकडे. "चुकीचा घालतोय का" याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

आधी खरा बोन कंडक्शन आहे ना ते पाहा. हजार-पंधराशेत मिळणारे बरेच सेट नुसते कानासमोर टांगलेले बारके स्पीकर असतात, आकार तेवढा तसा. आवाज चालू ठेवून दोन्ही कानांची भोकं बोटांनी बंद करा. खरा असेल तर आवाज जातच नाही, उलट भरदार होतो. नुसता स्पीकर असेल तर आवाज पडतो. मात्र अलीकडे मिश्र सेटही आलेत, शॉक्झच्या २०२४ च्या ओपनरन प्रो २ मध्ये खर्ज हवेतून आणि बाकीचं हाडातून येतं. तिथे बोटं घातली की खर्ज उतरेल आणि बोलणं राहील. ती फसवणूक नव्हे.

आता जागा. कानाच्या भोकासमोर जो मऊ कोंब असतो, त्याच्या लगेच पुढच्या हाडावर हेडफोनची गादी टेकली पाहिजे. तिथे बोट ठेवून तोंड उघडझाप करा. बोटाखाली सांधा हलत असेल तर जागा खाली गेली, जरा वर आणि पुढे घ्या. गादी आणि हाड यांमध्ये केस आले किंवा गादी एका कडेवर तिरकी टेकली तर वरचे सूर आधी जातात. स, श, त, क हे सगळे तिथेच असतात, म्हणून "बोलतोय पण कळत नाही" असं होतं. गादीवर बोटाने हलका दाब द्या. दाबल्यावर शब्द उघडले तर टेकण्यात कमी आहे. काहीच फरक नाही तर बसवणं ठीक आहे आणि ध्वनिवेडा म्हणतात तेच कारण.

पॅडलपंत
बोटांची चाचणी केली, सेट खरा आहे. दाबल्यावर उजवीकडे किंचित फरक, डावीकडे नाही. हेल्मेटचा पट्टा उजवीकडे गादीवरून जातो.

यंत्रोबा
मग तो पट्टा गादीला उचलतोय. क्रम असा ठेवा: आधी हेडफोन, मग हेल्मेट, शेवटी चष्मा. हेल्मेटच्या दोन पट्ट्यांचा व्ही कानाखाली जिथे मिळतो ते बकल वरखाली सरकतं. ते असं लावा की पुढचा पट्टा गादीच्या पुढून जाईल, वरून नाही. मानेमागची तार हेल्मेटच्या मागच्या चाकाच्या खाली राहू द्या. ती चाकाला किंवा पाठपिशवीला लागत असेल तर मागे वळून बघताना दर वेळी गादी सरकते. अशा वेळी आखूड तारेचं मॉडेल घ्यायचं असतं, महागडं नव्हे.

चालताबोलता
हे सगळं सायकलवाल्यांचं झालं. मी फक्त चालते, मुंबईत. रस्त्यावर वारा नाही तरी बस गेली की पाच सेकंद गायब. यावर काही हेडफोनच्या डब्यातच फोमचे इअरप्लग दिलेले असतात, ते घातले की एकदम थिएटर. मग कुणी वापरत का नाही?

ध्वनिवेडा
कारण मग उघड्या कानाचे पैसे वाया गेले. पण तुमचं निरीक्षण नेमकं आहे आणि त्यात दोन गोष्टी एकदम घडतात. प्लग बाहेरचा गोंगाट कमी करतो, म्हणून शब्द झाकले जात नाहीत. शिवाय कवटीच्या कंपनाने नळीच्या भिंती हलून नळीत जो आवाज तयार होतो, तो एरवी बाहेर निघून जातो. भोक बंद केलं की तो आतच कोंडतो आणि एक किलोहर्ट्झच्या खालचे सूर चांगलेच वाढतात. थिएटर वाटतं ते त्यामुळे. स्वतःचं चावणं आणि पावलांचे ठोकेही त्याच कारणाने घुमतात.

लोकलमध्ये, विमानात, बसमध्ये बसल्या जागी प्लग खुशाल घाला, आणि व्हॉल्यूम दोन-तीन पायऱ्या उतरवा. फलाटावर उतरण्याआधी काढा.

बंडूनाना
लोकलमध्ये बसल्या जागी? ताई नक्की मुंबईतच राहतात ना?

चालताबोलता
दुपारी १ ची लोकल पकडा नाना, जागा मिळते.

डचपाटील
नेदरलँड्समधून. इथे सायकलवर फोन हातात धरायला जुलै २०१९ पासून बंदी आहे, हेडफोनला नाही. फ्रान्समध्ये उलट, २०१५ पासून सायकलस्वाराने कानात काही घालणं दंडनीय आणि दंड १३५ युरो. बोन कंडक्शन "कानात" धरायचं की नाही यावर तिथले सायकलवाले अजून वाद घालतात. भारतात नियम काय?

घोडबंदरी
भारतात सायकलला कोण विचारतो. वाहतूक पोलिसांनी सायकलवाला अडवलेला पाहिलाय का कुणी?

डचपाटील
अडवत नाहीत म्हणजे नियम नाही, असं होत नाही ना. कुणा वकिलाने लिहावं.

असो, मला वाऱ्याबद्दल सांगायचं होतं. इथे वाहनांचा गोंगाट कमी, तरीही समोरून वारा असेल तर पॉडकास्ट गायब होतो. पॅडलपंतांनी दोष कशाचा ते आधी वेगळं काढावं. सर्व्हिस रोडच्या कडेला सुरक्षित जागी थांबा, व्हॉल्यूमला हात न लावता ऐका. थांबल्यावर शब्द परत आले तर चोर वाहनं नाहीत, वारा आहे. थांबूनही कळत नसेल तर वाहनं. दुसरी खूण: मोकळ्या रस्त्यावर चालवताना मान थोडी वळवली की कानातली घरघर एकदम बदलते. वाहनांचा आवाज तसा बदलत नाही.

वारा कानाच्या पाळीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर आपटून भोवरे तयार होतात, तीच घरघर. ताशी २० किलोमीटरच्या पुढे ती झपाट्याने वाढते. हेल्मेटच्या पुढच्या पट्ट्याला, कानासमोर येईल असा केसाळ कापडाचा तुकडा गुंडाळला की फरक जाणवतो. पॉडकास्टसाठी म्हणून करा, पण मागची गाडीही जास्त स्पष्ट ऐकू येते. फक्त तो तुकडा हेडफोनच्या गादीवर यायला नको, नाहीतर यंत्रोबा ओरडतील.

यंत्रोबा
ओरडणार नाही, पण घामाने भिजलेलं कापड रोज धुवा. आणि त्याच घामाबद्दल: चुंबकी चार्जर असलेले सेट ओले असताना चार्जला लावू नका. मिठाच्या घामात वीज सोडली की पिना हिरव्या पडतात आणि सहा महिन्यांत "चार्ज होत नाही" अशी तक्रार येते. सेटचा पाणीरोधक दर्जा IP67 असेल तर नळाच्या साध्या पाण्याखाली धुऊन, पुसून, पूर्ण सुकल्यावरच चार्ज. IP55 असेल तर ओल्या फडक्याने पुसा, बुडवू नका.

पॅडलपंत
थांबून पाहिलं. पट्टा सरकवल्यावर आणि थांबल्यावर निम्मे-अधिक शब्द परत येतात, सगळे नाही. म्हणजे वारा आणि वाहनं दोन्ही?

ध्वनिवेडा
बरोबर. वाऱ्याचा भाग कापडाने कमी होईल, उरलेल्या वाहनांवर हेडफोन काही करू शकत नाही. महागड्या मॉडेलला खर्ज भरदार येतो, बॅटरी जास्त टिकते, पण ट्रकच्या शेजारी त्याचीही तीच गत. खर्ज तर झाकला जाणारच, कारण ट्रकही खर्जातच बोलतो.

उपयोग होईल तो ऐकायच्या मजकुरात. निवेदक एक वाक्य जोरात, दुसरं पुटपुटत बोलत असेल तर पुटपुटलेलं आधी बुडतं. पॉडकास्ट अॅपमध्ये बोलण्याची चढउतार सपाट करायची सोय असते, पॉकेट कास्ट्समध्ये तिचं नाव Volume Boost. ती चालू करा आणि हेडफोनला बोलण्यासाठीचा मोड असेल तर तोही. एकूण व्हॉल्यूम न वाढवता बरेच शब्द वर येतात. सेटिंगला मग हात लावायचा नाही. व्हॉल्यूम आतल्या शांत रस्त्यावर एकदाच ठरवा, स्वतःच्या टायरचा आवाज ऐकू येईल इतपत. पुढे तो वाढवायचा नाही. शब्द बुडायला लागले की बटण दाबून थांबवा.

घोडबंदरी
मग घेऊन उपयोग काय? कान उघडे आहेत ना, मागचं सगळं ऐकू येतंच. थोडा वाढवला तर काय बिघडलं?

ध्वनिवेडा
झाकण्याचा नियम उलट बाजूनेही चालतो. निवेदकाला ९० ला नेलंत तर तो मागच्या वाहनाला झाकतो, कान उघडे असूनही. हॉर्न आणि ट्रक तरीही कळतील. कळणार नाही ती मागून हळू येणारी ई-रिक्षा किंवा पीएमपीची ई-बस. कमी वेगात त्यांच्या टायरचा सळसळाट तेवढा असतो, आणि नेमका तोच आधी बुडतो. उघडा कान हा हळू व्हॉल्यूमलाच उघडा असतो.

कर्णिका
+१. आणि न झाकताही लक्ष वाटलं जातंच. गोष्टीत गुंतलेला माणूस ऐकू आलेल्या घंटीलाही उशिरा वळतो. तो हेडफोनचा दोष नाही, पण हेडफोन बदलून जातही नाही.

घोडबंदरी
ई-बसचं पटलं. केसपेशींचं अजून वाचतो. कितीही म्हटलं तरी पडद्याला आराम आहे हे माझं मत कायम.

बंडूनाना
पडद्याला आराम, केसपेशींना ओव्हरटाइम.

चालताबोलता
एक राहिलं. रस्त्याचं दिशादर्शन, "शंभर मीटरवर डावीकडे", हे पॉडकास्टइतकं बुडत नाही असं का?

ध्वनिवेडा
छोटं वाक्य, ओळखीचे चारच शब्द, आणि कुठला शब्द येणार याचा अंदाज आधीच असतो. अर्धा ऐकू आला तरी मेंदू पूर्ण करतो. अनोळखी विषयावरच्या मुलाखतीत ती सोय नाही. गोंगाटाच्या पट्ट्यात म्हणून दिशादर्शन चालू ठेवा, मुलाखत थांबवा. फक्त डाव्या गादीतून आलं म्हणून डावीकडे वळा, असं करू नका. एका बाजूचं कंपन कवटीतून दुसऱ्या कॉक्लियाला जवळजवळ तेवढंच पोहोचतं, डावं-उजवं फारसं वेगळं राहत नाही.

पॅडलपंत
म्हणजे सेट परत करत नाही. पट्टा सरकवला आहे, कापड शिवून घेतो, Volume Boost चालू केलं. सर्व्हिस रोडला फक्त दिशादर्शन. चष्म्याच्या दांडीचं मात्र जमत नाहीये, हेल्मेटनंतर घातला तर ती तारेवर चढते आणि कानामागे रुततं.

यंत्रोबा
दांडी तारेच्या वर जायला हवी, हेल्मेटच्या पट्ट्याच्या बाहेरून. जाड प्लॅस्टिकची दांडी असेल तर नाहीच जमणार, सायकलसाठी सरळ पातळ दांडीचा चष्मा लागतो. तुमची दांडी किती जाड आहे? फोटो टाका.